मधली तेरा वर्षे बंद

बारशाला मी जेवायला जातो. नाव आत्या ठेवते, नावं बाकीचे ठेवतात आणि माझ्या वाट्याला फार तर घुगऱ्या येतात. त्यामुळे अण्णांचा नातू एका रविवारी सकाळी पेढ्यांचा पुडा घेऊन आला आणि ‘काका, दुकानाचं नाव तुम्हीच सांगायचं,’ असं म्हणाला, तेव्हा मी पुडा ठेवून घेतला आणि काम परत करायचा प्रयत्न केला. पण मी एकतीस वर्षं एका मासिकाचं मुद्रितशोधन केलेलं, म्हणजे अक्षरांतला माणूस, असा त्याचा समज. मी त्याला सांगितलं, अरे, मुद्रितशोधक दुसऱ्यानं लिहिलेल्यातल्या चुका काढतो, स्वतः अक्षर लिहीत नाही.

‘मग तेच करा,’ तो म्हणाला. ‘आम्ही लिहितो, तुम्ही काढा.’

तोवर बायकोनं पुडा फोडला होता, त्यामुळे मागं फिरण्याची सोय उरली नाही.

अण्णा म्हणजे नारायण पेठेतल्या आमच्या वाड्याच्या जिन्याखाली बसणारे शिंपी. दुकान केवढं, तर सहा फूट बाय आठ. त्यातही मागच्या बाजूला छत उतरत आलेलं, त्यामुळे माप द्यायला उभा राहिलेला माणूस जरा ताठ झाला की पायरी डोक्यात बसायची. अण्णा म्हणायचे, गिऱ्हाईक आपोआप मापात राहतं. १९६०च्या दिवाळीत त्यांनी तिथं मशीन मांडलं. पुढच्याच वर्षी, १२ जुलैला, पानशेतचं धरण फुटलं आणि मशीन चिखलात गेलं. अण्णांनी ते स्क्रूनस्क्रू उकललं, रॉकेलनं धुतलं, उन्हात वाळवलं आणि परत चालू केलं. पुढं पन्नास वर्षं ते मशीन आमच्या वाड्याचं घड्याळ होतं. टकटक थांबली की जेवायची वेळ झाली असं समजायचं. २०११ साली वाडा बिल्डरकडे गेला, जिना गेला, अण्णा घरी बसले. मुलगा बँकेत लागलेला, त्याला कातर फक्त चेक फाडण्यापुरती माहीत. नातवानं मात्र कॉमर्सची पदवी घेतली, ती भिंतीवर लावली आणि अण्णांच्या हाताखाली खडू धरला. मग सहा वर्षं मुंबईत एका मोठ्या वर्कशॉपमध्ये कोट कापले आणि आता लक्ष्मी रस्त्याच्या एका बोळात स्वतःचा गाळा घेतला. सूट आणि लग्नाच्या शेरवान्या, एवढंच काम करायचं. पोरगं मोठं नेटकं आहे.

त्याची अट एकच होती. नाव ऐकल्यावर जुनं वाटलं पाहिजे, पण जुनाट नको. ‘म्हणजे कसं, काका, की माणसाला वाटलं पाहिजे, इथं दिलेलं कापड परत मिळेल.’

हसू नका. शिंप्याच्या धंद्यातली खरी मेख तीच आहे. मिठाईवाल्याकडे तुम्ही चव घेता, मग पाव किलो बांधायला सांगता. तयार कपड्यांच्या दुकानात अंगात घालून आरशासमोर फिरता. शिंप्याकडे मात्र वस्तू अजून जन्मालाच आलेली नसते. तुम्ही त्याला तीन-सव्वातीन मीटर महागडं सूटिंग देता, वर आगाऊ पैसे देता आणि बदल्यात मिळतो पावतीचा एक चिटोरा, ज्याच्या कोपऱ्याला तुमच्याच कापडाचा तुकडा टाचलेला असतो. त्यातून लग्नाची शेरवानी असेल तर मुहूर्त गोरज, तारीख ठरलेली, कार्यालयाला पैसे भरलेले. शिंपी चुकला म्हणून लग्न पुढं ढकलता येत नाही. नवरी फार तर थांबेल, कार्यालयवाला थांबत नाही. तेव्हा ज्या वस्तूकडे बघून विश्वास ठेवायचा ती वस्तूच नाही म्हटल्यावर माणूस पाटीकडे बघतो.

माझ्या स्वतःच्या लग्नाचा कोट अण्णांनी शिवलेला, १९८८ सालचा. नातवानं तो मागवून घेतला आणि आमच्या दिवाणावर पसरला. आधी छातीवर, वरच्या गुंडीच्या जरा वर, बाहेरचं कापड एका चिमटीत आणि आतलं अस्तर दुसऱ्या चिमटीत धरून हलकेच ओढलं. मला म्हणाला, ‘बोट लावा. मधे काही हलतंय?’ दोन कापडांच्या मधे तिसरं काहीतरी सुटं सरकत होतं. ‘तो कॅनव्हास. अण्णांनी हातानं टाके घालून धरलाय. हल्ली हे सगळं इस्त्रीनं चिकटवतात. चिमटीत तिसरा थर सापडला नाही की समजायचं, चिकटवलाय. दोन-चार ड्रायक्लीन झाले की छातीवर पापडासारखे फुगे येतात.’ माझ्या कोटाला छत्तीस वर्षांत फुगा आला नव्हता. जो काही आला तो कोटाच्या आत आला होता.

त्यावरही अण्णांनी तजवीज करून ठेवलेली. नातवानं पाठीचं अस्तर जरासं उचललं आणि मधल्या शिवणीच्या दोन्ही अंगांना दुमडून ठेवलेलं जादा कापड दाखवलं. या जादा कापडाला शिंपी ‘माया’ म्हणतात. माझ्या कोटाच्या मायेत जुन्या टाक्यांच्या भोकांच्या रांगा दिसत होत्या. एक रांग थोरल्याच्या बारशाची, एक धाकटीच्या, एक मेहुण्याच्या लग्नातली. तीनदा उसवून तीनदा पुढं सरकवलेली शिवण. चौथ्यांदा सरकवायला आता जागा नव्हती. ‘कारखान्यात माया ठेवत नाहीत,’ नातू म्हणाला. ‘हजार कोट कापायचे तर अर्ध्या अर्ध्या इंचानं केवढं कापड वाचतं. तिथं गिऱ्हाईक पुन्हा येणार नाही हे धरूनच कापतात.’

हे मला फार पटलं आणि मी नावं ऐकायला बसलो.

पहिली यादी नातवाच्या मित्रमंडळींनी केलेली होती. तीत ‘द रॉयल ग्रूम’, ‘थ्रेड अँड थ्रोन’, ‘बीस्पोक बाय पुणे’ वगैरे साठेक नावं होती. मी तांबडी पेन्सिल काढली. पहिली गोष्ट म्हणजे पाटी मराठीत लागते. दुकानं-आस्थापनांच्या कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून दहापेक्षा कमी माणसं असलेल्या दुकानालाही देवनागरी पाटी सक्तीची आहे आणि शेजारी दुसरी लिपी असेल तर मराठी अक्षरं तिच्यापेक्षा लहान चालत नाहीत. आता ‘बीस्पोक’ हा शब्द देवनागरीत दोन फूट उंचीचा लिहून बघा. माणूस पंक्चर काढायला सायकल घेऊन येईल.

दुसरी गोष्ट जरा गंभीर. यादीतल्या निम्म्या नावांत ‘सूट’ होता. ‘सूट संसार’, ‘सूट आणि शेरवानी’, एक तर नुसतंच ‘सूट हाऊस’. या पोरांच्या लक्षातच आलं नव्हतं की मराठी माणसाच्या कानाला सूट म्हणजे आधी टक्केवारी आणि मग कोट. पुण्यात तुम्ही दुकानावर मोठ्या अक्षरांत ‘सूट’ लिहिलंत तर पहिल्या दिवशी रांग लागेल आणि रांगेतला प्रत्येक जण एकच प्रश्न विचारेल. त्याला सूट नाही म्हणावं तर पाटी खोटी, आहे म्हणावं तर धंदा खोटा. मी सगळ्या सूटांवर काट मारली. नातू म्हणाला, ‘मग काय लिहायचं?’ मी म्हटलं, ‘कोट. अण्णा काय म्हणायचे?’ अण्णा जन्मभर कोटच म्हणत आले. खाली पँट असली तरी कोट, नसली तर विचारायचे, ‘खाली काही घालणार की नाही?’

‘थ्रेड अँड थ्रोन’बद्दल मी काही बोललो नाही. पुढच्या ओळीकडे गेलो.

तिसरी परीक्षा माझ्या बायकोनं सुचवली आणि ती सगळ्यांत कडक निघाली. लग्नात सनईच्या वर आवाज काढून मामा विचारतात, ‘शेरवानी कुठं शिवली रे?’ त्या वेळी नवरदेवाच्या तोंडून एका दमात जे निघेल आणि मामांच्या कानात जे पोचेल ते दुकानाचं खरं नाव. आम्ही प्रयोग करून पाहिला. बायको मिक्सर लावून स्वयंपाकघरात मामा झाली, नातू दिवाणखान्यातून नवरदेव.

‘कुठं शिवली?’

‘ग्रूम्स अटेलिये!’

‘काय अटळ आहे?’

लग्नाच्या दिवशी नवरदेवाच्या तोंडी ते वाक्य बरं दिसलं नसतं. यादी तिथंच संपली.

मग नातवानं दुसरा विचार मांडला. जुनं म्हणजे इंग्रजांच्या वेळचं. त्यानं मुंबईत असताना लंडनच्या सॅव्हिल रोबद्दल पुष्कळ वाचलं होतं. तिथलं हेन्री पूल आणि कंपनी १८०६ पासून चालत आलंय, तिथं पूर्वी अँडरसन आणि शेपर्ड होते, असलं त्याला पाठ. पण मी त्याला म्हटलं, बाबा रे, यात इंग्रजी काय आहे? ही तर आडनावं. आपल्याकडेही तेच झालं. सांगलीत १८३२ पासून पेढी चालवणारे गाडगीळ गाडगीळच राहिले, चितळ्यांनी ‘बंधू’ लावलं. कुणीही ‘द गोल्ड थ्रोन’ किंवा ‘बाकर अँड बियाँड’ म्हटलं नाही. जुन्या पाटीवर एक माणूस असतो आणि माल बिघडला तर त्याची गचांडी धरता येते. ‘बंधू’ म्हटलं की एक दुकानात नसला तर दुसरा सापडतो. ‘आणि मंडळी’ म्हटलं की अख्खं घर जामीन. ‘रॉयल ग्रूम’ची गचांडी कुठं धरणार?

तरी इंग्रजी वळणाचं एक नाव मला मोहात पाडून गेलं. लष्कर भागात पूर्वी शिंप्यांच्या पाट्यांवर ‘सिव्हिल अँड मिलिटरी टेलर्स’ असं लिहायची पद्धत होती. काय वजन आहे पहा! मिलिटरी म्हटल्यावर बटण जागच्या जागी आणि डिलिव्हरी सांगितलेल्या तासाला. नातूही खुलला. पण अण्णांपुढं हे गेलं तेव्हा अण्णांनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, ‘मिलिटरीचं काय शिवलंय आपण?’ पुष्कळ आठवून शेजारच्या शाळेच्या बँडपथकाच्या चड्ड्या एवढंच निघालं. ‘मग तसं लिहा,’ अण्णा म्हणाले. ‘सिव्हिल आणि बँडपथक.’

अण्णा आता शहाऐंशीचे आहेत. ऐकू कमी येतं, पण खोटं लगेच ऐकू येतं.

‘टेलर्स’ या शब्दावरून घरात दोन दिवस वाद चालला. नातवाचं म्हणणं रास्त होतं. टेलर्स लिहिलं की लोक चेन बसवायला पँटी आणतात, पडद्यांना दुमडी मारायला सांगतात, पोरांच्या दप्तराचा पट्टा पुढं करतात. लग्नाच्या शेरवानीच्या टेबलावर दप्तर कुठं ठेवणार? म्हणून हल्ली कुणी ‘स्टुडिओ’ लिहितं, कुणी ‘कलेक्शन’. पण स्टुडिओ म्हटलं की पासपोर्टचे फोटो आणि कलेक्शन म्हटलं की हँगरवरचा माल. मग नातू ‘मास्तर’वर आला. दुकानात कापणाऱ्याला मास्तर म्हणतातच. ‘अण्णा मास्तर’ मला आवडलंही होतं. पण पुण्यात पाटीवर मास्तर लिहिलंत तर दुपारी चार वाजता पालक येऊन विचारणार, दहावीचं गणित घेता का? नुसतं ‘अण्णा’ ठेवावं तर इडलीची वेळ विचारणार.

अण्णांनी मध्येच शांतपणे सांगितलं, ‘चेनवाल्याला हाकलू नकोस. चेन बसवायला येतो तो आधी तुझा हात बघतो. पोराचं लग्न नंतर आणतो.’ माझंच उदाहरण समोर होतं. मी पहिल्यांदा अण्णांकडे गेलो तो कॉलेजात असताना, सायकलच्या साखळीत फाटलेली पँट घेऊन.

घरात वकील असला की नाव ठेवणं आणखी अवघड होतं. माझे मेहुणे वकील आहेत. त्यांच्याकडून कळलं की ट्रेडमार्कच्या वर्गवारीत शिवणकामाला चाळिसाव्या वर्गात बसवलंय आणि तयार कपडे पंचविसाव्यात. एका वर्गाला एकट्या माणसाला ऑनलाइन अर्जाची फी साडेचार हजार. ‘उत्तम शिलाई’सारखं नुसतं कामाचं वर्णन करणारं नाव सहसा नोंदवून मिळत नाही, कारण उत्तम म्हणायचा हक्क सगळ्या शिंप्यांना सारखा. स्वतःच्या नावानं मात्र प्रामाणिकपणे धंदा करणाऱ्याला कायदा आडवा येत नाही. नातवाच्या मनात बंदगळ्याची आठवण म्हणून ‘नेहरू’ हा शब्द घोळत होता. मेहुण्यांनी तोही पुसला. १९५० सालच्या चिन्हं आणि नावांच्या कायद्याच्या यादीत शिवाजी महाराज, गांधी, नेहरू ही नावं आहेत, ती सरकारला न विचारता धंद्याला लावता येत नाहीत. म्हणजे नेहरू शर्ट शिवता येतो, नेहरू टेलर्स होता येत नाही.

फिरून फिरून आम्ही घरातच आलो. अण्णा आणि मुलगा असते तर ‘आणि सन्स’ झालं असतं. पण सन बँकेत. अण्णांनंतर कातर आली ती एक पिढी ओलांडून. म्हणून मी मोठ्या समाधानानं कागदावर लिहिलं: ‘अण्णा आणि नातू’. जुनं, खरं, आणि मिक्सरच्या वर ऐकू जाणारं. तीन दिवस आम्ही सगळे त्या नावावर खूश होतो. चौथ्या दिवशी खालच्या मजल्यावरचे निवृत्त इतिहासाचे प्राध्यापक जिन्यात भेटले.

‘कोणते नातू?’ त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, ‘अण्णांचा.’

‘ते झालं हो. पण नातू म्हणजे कोकणातले का?’

माझ्या पोटात गोळा आला. पुण्यात नातू हे नातं नंतर आणि आडनाव आधी. त्यातून १८१७ साली शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं त्याच्याशी बाळाजीपंत नातूंचं नाव जोडलेलं. दोनशे वर्षं झाली तरी पेठांतून तो विषय कालच्या पेपरात आल्यासारखा निघतो. प्राध्यापकमहाशय तिथंच पायरीवर बसले आणि त्यांनी मला पाऊण तास वाडा, निशाण आणि इनामं यांबद्दल सांगितलं. माझ्या हातात दुधाची पिशवी होती. मी त्या पाऊण तासात एकच कल्पना करत होतो. लग्नाला दोन दिवस उरलेत, नवरदेवाचे आजोबा ट्रायलला आलेत आणि पाटीकडे बघून म्हणताहेत, नातूंच्या दुकानातली शेरवानी आमच्या घरात चालणार नाही.

नातू, म्हणजे अण्णांचा, हिरमुसला. म्हणाला, ‘काका, मग मी नावातून जातो. मी आहेच की दुकानात.’

असं करता करता ‘अण्णा शिंपी’ उरलं. खरं सांगायचं तर ते पहिल्या दिवसापासून समोर होतं. आमच्या वाड्यात त्यांना दुसरं काही कुणी म्हणतच नव्हतं. पण ‘शिंपी’ या शब्दाला सगळे बिचकत होते. नातवाचा बाप बँकेतून आल्यावर म्हणाला, शिंपी म्हटलं की पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा डोळ्यांपुढं येतो, शेरवानी येत नाही. पाट्यांवर हा शब्द आता दिसतही नाही, धोबी लाँड्रीत गेला, न्हावी सलूनमध्ये गेला, तसा शिंपी टेलरमध्ये गेला. अण्णा एवढंच म्हणाले की नामदेवांना चाललं ते आपल्याला चालेल. त्यावर बँकेलाही काही बोलता येईना.

खाली काय येणार हे त्या मानानं सहज ठरलं. ‘कोट व शेरवानी बेतून मिळतील.’ ‘बेतून’वर नातू अडला होता. लोकांना कळेल का? मी म्हटलं, ज्यांना कळेल ते आत येतील आणि ज्यांना कळणार नाही ते विचारायला येतील.

राहिली साल. जुन्या दुकानाला साल पाहिजेच. फ्लेक्सवाल्याला नातवानं ‘स्थापना १९६०’ लिहायला सांगितलं आणि कच्चा नमुना अण्णांना दाखवला. अण्णांनी तो दूर धरला, जवळ धरला.

‘मधे बंद होतं ना आपलं?’

‘हो, पण सुरुवात तर साठलाच ना?’

‘अकरा साली बंद केलं. आता चोवीस. तेरा वर्षं कुठं गेली?’

नातवानं त्यांना परोपरीनं समजावलं. सगळेच असं लिहितात. धंदा तोच, कातर तीच, मशीनही तेच, काउंटरशेजारी मांडणारच आहोत. मीही त्याची बाजू घेतली. अण्णांनी माझ्याकडे वळून विचारलं, ‘कापडाला मधेच भोक पडलं आणि रफू केलं, तर गिऱ्हाइकाला सांगायचं का नाही?’

मी म्हटलं, ‘सांगायचं.’

‘मग?’

त्या ‘मग’मधून पाटीची तिसरी ओळ निघाली. ‘१९६० पासून. मधली तेरा वर्षे बंद.’ माझ्या हातून एकतीस वर्षांत इतकं निर्दोष वाक्य गेलेलं नाही. नातवाच्या मित्रांना वाटलं, म्हाताऱ्यानं दुकान उघडण्याआधीच बुडवलं. पाटी लावणारा माणूस शिडीवरून दोनदा खाली उतरून विचारून गेला की ही ओळ नक्की ठेवायची ना. अक्षरं अॅक्रिलिकची, उंचीच्या इंचावर आणि संख्येवर पैसे, त्यामुळे अण्णांना वर ‘बंद’ या शब्दाचे पैसे मोजावे लागतात याचंही दुःख होतं.

पण काय सांगू, ती ओळ चालली. पहिल्या आठवड्यात रस्त्यानं जाणारी माणसं थबकून पाटी वाचायची आणि आत येऊन विचारायची, ‘बंद का होतं हो?’ पुण्यात दुसऱ्याचं दुकान बंद का होतं हे कळल्याशिवाय माणसाला जेवण जात नाही. अण्णा काउंटरमागं खुर्चीत बसून वाडा, बिल्डर, जिना सगळं सांगायचे. ऐकता ऐकता समोरचा माणूस टेबलाकडे बघायचा. तिथं नातू किमखाबाची शेरवानी लावत असायचा. समोरच्या दोन भागांवरच्या बुट्ट्या मधोमध जुळवताना तो टाचण्यांवर टाचण्या लावतो, परत काढतो. एक सूत इकडेतिकडे झालं तर गुंड्या लावल्यावर अर्धी बुट्टी छातीवर चढते आणि फोटोत जन्मभर तशीच राहते. शिवाय किमखाबाचे धागे कडेला सुटतात, म्हणून तिथं तो मायाही जास्त सोडतो. हे सगळं बघत माणूस पाच मिनिटं उभा राहायचा आणि जाता जाता म्हणायचा, डिसेंबरात मुलाचं आहे आमच्या. अशा तीन शेरवान्या आल्या. चेनी अकरा आल्या.

परवा दुपारी मी तिथंच बसलो होतो. सत्तरीतले एक गृहस्थ बाहेर उभे राहून पाटी वाचत होते. वाचून झाल्यावर त्यांनी पाकीट काढलं, त्यातून चार घड्या घातलेला एक पिवळा कागद काढला, पाटीशी ताडून पाहिला आणि आत आले.

‘जिन्याखालचे अण्णा ते हेच का?’

अण्णांनी मान डोलावली.

गृहस्थांनी कागद काउंटरवर ठेवला. पावती होती. कोपऱ्याला करड्या टेरिकॉटचा तुकडा टाचलेला, टाचणीला गंज. तारीख मार्च २०११. पँट नग एक, आगाऊ ऐंशी रुपये जमा.

‘मी आलो तेव्हा वाडाच नव्हता,’ ते म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती, पण तेरा वर्षं होती.

नातू माझ्याकडे बघायला लागला. बँकेतला मुलगा असता तर त्यानं मुदत संपल्याचं सांगितलं असतं. अण्णा काही न बोलता उठले, मशीनमागच्या पत्र्याच्या ट्रंकेपाशी गेले आणि जुन्या चादरीत बांधलेलं गाठोडं बाहेर काढलं. वाडा सोडताना न नेलेले कपडे त्यांनी तसेच बांधून आणले होते, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. डांबराच्या गोळ्यांचा वास दुकानभर पसरला. चौथी का पाचवी घडी करड्या पँटची निघाली. अण्णांनी पावतीचा तुकडा पँटवर ठेवून रंग जुळवला, पँट झटकली, गळ्यातली टेप काढली आणि गृहस्थांच्या पोटाकडे पाहिलं.

‘कंबर किती वाढलीय?’

‘असेल चार इंच.’

अण्णांनी पँट उलटी केली आणि मागची शिवण उघडून उजेडाकडे धरली.

‘दोन्ही अंगांना एकेक इंच माया आहे. दोन सुटतील,’ ते म्हणाले. ‘उरलेल्या दोनांचं तुम्ही बघा.’